पाकिटावरची ओळ कोणत्या भाषेतली?

औषधाच्या पाकिटावर किंवा दुकानाच्या पाटीवर अनोळखी ओळ दिसली, की बहुतेक जण तिची लिपी ओळखतात आणि तीच भाषा समजून थांबतात. उलटे आर आणि उलटे एन दिसले की ‘रशियन’, उजवीकडून डावीकडे वाहणारी वळणदार अक्षरे दिसली की ‘अरबी’. पण लिपी कळणे म्हणजे फक्त जिल्हा कळणे. गाव अजून शोधायचे असते. रशियनच्या सिरिलिक लिपीत युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन, कझाक, किरगीझ, मंगोलियन अशा अनेक भाषा लिहिल्या जातात. अरबी लिपीत फारसी, उर्दू, पश्तो आणि सिंधी येतात. आणि देवनागरीत मराठीबरोबर हिंदी, नेपाळी, कोकणी, मैथिली, डोगरी, बोडो अशी मोठी पंगत बसते.

ओळीत सगळ्यात आधी नजरेत भरणारे मोठे शब्द या कामात फारसे उपयोगी पडत नाहीत. औषधाचे नाव, कंपनीचे नाव, गावाचे नाव हे शब्द एका भाषेतून दुसरीत जसेच्या तसे जातात. पॅरासिटामॉल रशियन, युक्रेनियन आणि बल्गेरियन या तिन्ही भाषांत एकाच स्पेलिंगने लिहितात. ‘फार्मसी’ किंवा ‘अपोटेक’ यांच्या जवळचा शब्द युरोपातल्या कितीतरी पाट्यांवर सापडतो. भाषा पकडली जाते ती किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून: अक्षराखालची शेपटी, एखादे टिंब, शब्दाचा प्रत्यय, दोन शब्दांना जोडणारे एकदोन अक्षरांचे शब्द.

याची खात्री देवनागरीवरच करून घेता येते, कारण तिथे मराठी वाचकाचे डोळे तयार असतात. ‘मुलांपासून दूर ठेवा’ ही सूचना घेऊ. हिंदीत ती ‘बच्चों की पहुँच से दूर रखें’ अशी येईल, नेपाळीत ‘बालबालिकाको पहुँचबाट टाढा राख्नुहोस्’ अशी, आणि कोकणीत ‘भुरग्यां पासून पयस दवरात’ अशी. हिंदी आणि नेपाळीत ‘पहुँच’ हा ठसठशीत शब्द सारखाच आहे, त्यावरून निवाडा होत नाही. निवाडा होतो तो ‘की’ आणि ‘से’ या सुट्या शब्दांवरून. हिंदी नामाच्या विभक्ती सुट्या लिहिते, नेपाळी ‘को’ आणि ‘बाट’ शब्दाला चिकटवते. शिवाय नेपाळी क्रियापदाच्या शेवटी पाय मोडलेला ‘स्’ येतो. त्या भाषेत असे शेवट इतके नेहमीचे आहेत, की पाटीच्या टोकाला ‘होस्’ किंवा ‘छन्’ दिसले तर पुढचा शोध बहुधा संपतोच.

मराठी आणि कोकणी वेगळ्या करताना मात्र अनेकांची फसगत होते. ‘ळ’ दिसला की मराठी, असा एक सोपा नियम सांगितला जातो. हिंदीच्या तुलनेत तो बऱ्यापैकी चालतो, पण कोकणीतही ‘ळ’ भरपूर आहे आणि राजस्थानी, हरियाणवी बोली लिहितानाही तो वापरतात. म्हणून ‘ळ’ पाहून फक्त एवढेच म्हणता येते, की ही नेहमीची छापील हिंदी किंवा नेपाळी नसावी. पुढचा फरक पुन्हा छोट्या शब्दांत असतो. ‘आहे’च्या जागी ‘आसा’, ‘आणि’च्या जागी ‘आनी’, शब्दाच्या शेवटी वारंवार येणारा अनुस्वार ही कोकणीची लक्षणे. उलट ड किंवा ढ यांच्याखाली नुक्ता असेल तर ओळ मराठी किंवा कोकणी असण्याची शक्यता जवळपास नाही. आणि ग, ज, ड, ब या अक्षरांखाली आडवी रेघ दिसली तर ती देवनागरीत लिहिलेली सिंधी आहे. त्या भाषेतले हवा आत ओढून काढायचे उच्चार दाखवण्यासाठी ही रेघ लागते.

गोव्यात हाच खेळ दुसऱ्या टोकाने होतो. तिथल्या चर्चच्या फलकावरची रोमन अक्षरांतली ओळ बाहेरच्या माणसाला पोर्तुगीज वाटते. ती पुष्कळदा कोकणी असते. शब्दांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा ‘एम’ ही तिची खूण, कारण रोमी कोकणीत शेवटचा अनुनासिक उच्चार त्या अक्षराने दाखवतात. ‘गोंय’ हे जी, ओ, ई, एम असे लिहितात. पोर्तुगीजमध्येही शब्द ‘एम’ने संपतात, पण तिथे ए आणि ओ यांच्यावर नागमोडी रेघ आणि सी या अक्षराखाली आकडी दिसते.

आता औषधाच्या पाकिटाकडे वळू. पाकिटावरच्या ओळीत काय लिहिलेले असणार हे वाचण्याआधीच बरेचसे ठाऊक असते, हा तिचा मोठा फायदा. औषधाचे नाव, त्यातील घटक आणि मात्रा, गोळ्यांची संख्या, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, साठवणीची सूचना आणि मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना, यापलीकडे बाहेरच्या बाजूला फारसे काही नसते. आकड्यांजवळचा शब्द बॅचचा किंवा मुदतीचा असणार, ‘25’ आणि अंशाच्या खुणेजवळचे वाक्य तापमानाचे असणार. अर्थ हाताशी ठेवून अक्षरांकडे जाण्याची ही रीत जुनी आहे. जेम्स प्रिन्सेपने 1837 मध्ये ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवले ते याच वाटेने. सांचीच्या कठड्यांवरचे बरेच छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी आणि एका टिंबाने संपतात हे त्याच्या लक्षात आले. एवढ्या लोकांनी देवस्थानी दगडावर नाव कोरून घेतले तर ते दान दिल्याबद्दलच असणार, असा तर्क करून त्याने ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली.

महाराष्ट्रातले बरेच विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, कझाकस्तान, किरगिझस्तान या देशांत जातात. युद्धाआधी युक्रेनमध्येही मोठ्या संख्येने जात. सुट्टीत घरी येताना तिथली औषधेही सामानातून येतात, आणि घरातल्या डब्यात सिरिलिक अक्षरांचे एखादे पाकीट वर्षभर पडून राहते. अशा पाकिटावरची ओळ कशी उलगडत जाते ते टप्प्याटप्प्याने पाहता येईल.

पाकिटावर ताप आणि अंगदुखीची नेहमीची गोळी आहे असे समजू. पुढच्या बाजूला ठळक अकरा अक्षरांचा शब्द आहे: ‘पारात्सेतामोल’. बऱ्याच पाकिटांवर हेच नाव रोमन अक्षरांतही सापडते, त्यामुळे ते ओळखायला अडचण पडत नाही. या एका शब्दातून सिरिलिकची नऊ वेगवेगळी अक्षरे हाती लागतात. त्यातली काही रोमनसारखीच वाचायची असतात, पण एकाने सावध व्हायला हवे. जे अक्षर हुबेहूब रोमन ‘पी’सारखे दिसते त्याचा उच्चार ‘र’ आहे, आणि ‘प’साठी दाराच्या चौकटीसारखे अक्षर आहे. असाच चकवा आणखी तीन ठिकाणी बसतो: रोमन ‘सी’सारखे दिसणारे अक्षर ‘स’ असते, ‘एच’सारखे ‘न’ आणि ‘बी’सारखे मोठे अक्षर ‘व’. एवढे कळले, की शब्द अडखळत का होईना वाचता येतात. भाषा मात्र अजून कळलेली नसते.

मग तारखेजवळची छोटी ओळ पाहायची. बॅच नंबराआधी ‘सेरिया’ असा उच्चार होणारा पाच अक्षरांचा शब्द असतो. रशियन आणि युक्रेनियन दोन्हींत तो आहे, आणि फरक केवळ चौथ्या अक्षराचा. रशियन पाकिटावर तिथे उलटा एन असतो, युक्रेनियनवर टिंब असलेली साधी रोमन आय. भिंग घेऊन हे एक अक्षर पाहिले तरी अर्धे काम होते. मुदतीच्या शब्दाने मात्र घाईत निष्कर्ष काढू नये. ‘गोदेन दो’, म्हणजे ‘अमुक तारखेपर्यंत योग्य’, हे रशियनमध्ये लिहितात आणि बल्गेरियनमध्येही अगदी त्याच अक्षरांत लिहितात. बल्गेरियन पाकिटावर बॅचसाठी ‘पार्तिदा’ असा वेगळा शब्द असतो, त्यावरून सुटका होते. युक्रेनियनमध्ये मुदतीसाठी ‘प्रिदात्नी’ने सुरू होणारा शब्द येतो.

सर्वांत बोलकी ओळ मुलांची. युक्रेनियन पाकिटावर तिचा उच्चार साधारण ‘झ्बेरिहाती उ नेदोस्तुप्नोमु द्ल्या दितेय मिस्त्सी’ असा होईल, रशियनवर ‘ख्रानित् व् नेदोस्तुप्नोम् द्ल्या द्येत्येय म्येस्त्ये’. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की नाते उघडच दिसते. मधला लांबलचक शब्द जवळपास एकच आहे. पण युक्रेनियन ओळीत टिंब असलेली आय चार वेळा येते आणि रशियनमध्ये एकदाही नाही. आधुनिक रशियन लिपीत ते अक्षरच नाही; 1918 च्या लेखनसुधारणेत ते काढून टाकले गेले. आयवर एकाऐवजी दोन टिंबे दिसली तर युक्रेनियनबद्दल जवळपास शंका उरत नाही.

इथे एक उलटी चूकही होते. रशियनची खास खूण म्हणून एक अक्षर सांगितले जाते: बुटक्या रोमन ‘बी’च्या शेजारी एक उभी काडी. ते युक्रेनियन आणि बल्गेरियन या दोन्हींत नाही, म्हणून दिसले तर मोलाचे. पण वरच्या रशियन ओळीत ते एकदाही येत नाही. एखादे अक्षर दिसणे हा पुरावा असतो. ते न दिसणे हा छोट्या ओळीत फार कमकुवत पुरावा. अक्षर जितके त्या भाषेत नेहमीचे, तितके त्याच्या गैरहजेरीला वजन. टिंबाची आय युक्रेनियनमध्ये इतकी येते, की सहा शब्दांच्या ओळीत ती मुळीच नसणे खटकते. काडीवाल्या ‘बी’बद्दल तसे म्हणता येत नाही.

बल्गेरियन ओळ साधारण ‘दा से सहरान्यावा ना म्यास्तो, नेदोस्तप्नो झा देत्सा’ अशी आहे. तिची ओळख दोन गोष्टींनी पटते. ‘दा’, ‘से’, ‘ना’, ‘झा’ असे दोन अक्षरी शब्द एका ओळीत चार आलेत. आणि शब्दाच्या पोटात, व्यंजनाच्या पुढे, डोक्यावर डावीकडे लहान झेंडा असलेला बुटका ‘बी’ दोनदा येतो. रशियनमध्येही हे अक्षर आहे, पण तिथे त्याला स्वतःचा आवाज नाही आणि ते क्वचित येते. बल्गेरियनमध्ये तो पुरा स्वर आहे, मराठीतल्या ऱ्हस्व ‘अ’च्या जवळचा, म्हणून तो वारंवार भेटतो.

आता समजा ओळीत टिंबाची आय आहे, पण काडीवाला ‘बी’ही आहे. युक्रेनियन आणि रशियन दोन्ही बाद झाल्या. मग क आणि न या अक्षरांना खाली उजवीकडे शेपटी आहे का ते पाहायचे. कझाकमध्ये हीच सूचना ‘बालालार्दिङ कोलि...’ अशी सुरू होते आणि तिच्यात ही शेपटीवाली दोन्ही अक्षरे आहेत. ‘बाला’ म्हणजे मूल. ते वाचून मराठी माणसाला ‘बाळ’ आठवणारच, पण एका शब्दाच्या साम्यावर भाषांचे कुळ ठरत नाही. कझाक ही तुर्की कुळातली भाषा, आणि तिची घडण शब्दाला एकामागून एक प्रत्यय जोडण्याची: ‘बाला’ला ‘लार’ लागून अनेकवचन, त्यापुढे ‘दिङ’ लागून षष्ठी. किरगीझमध्ये शेपटीचा न आहे, शेपटीचा क नाही. ताजिकमध्ये शेपटीचा क आहे, शेपटीचा न नाही. दोन्ही एकत्र दिसले तर बहुधा कझाक. कझाकस्तानात पाकिटावर कझाक आणि रशियन दोन्ही भाषा असतात, त्यामुळे एकाच लिपीत तीच सूचना दोनदा छापलेली दिसते. हे ठाऊक नसले तर दोन ओळींची सरमिसळ होऊन कुठल्याच भाषेचा मेळ बसत नाही.

रोमन लिपीच्या पाकिटांवर हीच पद्धत चालते, फक्त खुणा बदलतात. टिंब नसलेली छोटी आय आणि टोपी घातलेला जी एकत्र दिसले तर तुर्की. त्यांच्याबरोबर उलटा ई असेल तर अझरबैजानी. एल या अक्षरावर तिरकी काट असेल तर बहुधा पोलिश. एकाच स्वरावर दोन दोन खुणा चढलेल्या असतील आणि शब्द सगळे आखूड असतील तर व्हिएतनामी. कठीण जातात त्या काहीच खुणा न वापरणाऱ्या भाषा. इंडोनेशियन आणि मलय या तर सख्ख्या बहिणी. दोघींतही ‘दान’ म्हणजे आणि, ‘यांग’ म्हणजे जो. तिथे औषधाचे पाकीटच मदतीला येते, कारण नेमका औषधाचाच शब्द वेगळा आहे: इंडोनेशियनमध्ये ‘ओबात’, मलयमध्ये ‘उबात’. मुलांच्या सूचनेत पहिलीत ‘आनाक-आनाक’ येते, दुसरीत ‘कानाक-कानाक’.

अरबी लिपीतल्या पाट्या मुंबईच्या भेंडीबाजारात, भिवंडीत, मालेगावात रोज दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेक उर्दूच्या असतात. ट, ड, ड़ या उच्चारांसाठी उर्दू अक्षराच्या डोक्यावर ‘तोय’ या अक्षराचे छोटे रूप ठेवते. तो चिमुकला आकार अरबीत नाही आणि फारसीतही नाही. ओळ उजवीकडून डावीकडे उतरत, तिरकी वाहत असेल तर तीही उर्दूकडे बोट दाखवते, पण ते वळणाचे लक्षण आहे, भाषेचे नव्हे. सुलेखनात फारसीही तशीच लिहितात. अरबी ओळखायला शब्दांच्या सुरुवातीला पुन्हा पुन्हा येणारे ‘अल्’ पुरते, म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या डावीकडे आकडी असलेली दुसरी उभी रेघ. शब्दाच्या शेवटच्या गोल अक्षरावर दोन टिंबे असली तर खात्री वाढते.

या सगळ्यात चूक होण्याची काही ठिकाणे ठरलेली आहेत. पाटी मोठ्या रोमन अक्षरांत असेल तर खुणा गळालेल्या असू शकतात, आणि सिरिलिकची मोठी आय टिंबाशिवायच लिहितात. फोटोत सुरकुती, चकाकी किंवा धूळ टिंबासारखी दिसते, म्हणून पाकिटाची पट्टी सपाट करून, उजेड एका बाजूने पडेल असा फोटो घ्यावा, आणि एका ओळीऐवजी सगळ्या बाजू घ्याव्यात. नकलून घेताना ओळखीच्या अक्षराकडे हात ओढला जातो. शेपटीचा न साधा न होतो आणि पुरावाच नाहीसा होतो. बारकोडचे पहिले तीन आकडे पाहून देश ठरवणारेही भेटतात. 890 हा आरंभ भारताला दिलेला आहे हे खरे, पण त्यावरून कंपनीने कोड कुठल्या देशाच्या संस्थेकडून घेतला एवढेच कळते. माल कुठे बनला किंवा छापील भाषा कोणती, हे त्यात नाही. भारतात बनलेल्या आणि निर्यात झालेल्या औषधांवर खरेदीदार देशाची भाषा असणे अगदी साधारण आहे. युरोपीय संघातल्या पाकिटांवर बोटाला लागणारे उंचवट्यांचे ठिपके असतात, तीही वेगळी भाषा नाही. ते ब्रेलमध्ये छापलेले औषधाचे नाव असते.

भाषा ठरल्यावर तारीख कशी वाचायची हेही ठरते. थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतो, आणि त्याचे वर्ष इसवी सनापेक्षा 543 ने पुढे असते. 2569 असा आकडा दिसला तर तो 2026 समजायचा. इराणच्या सौर पंचांगात त्याच सुमाराला 1405 असते, आणि फारसीतले 4, 5, 6 हे आकडे अरबीपेक्षा वेगळ्या आकाराचे असतात. नेपाळच्या पाट्यांवर विक्रम संवत असतो, तो साधारण 57 वर्षे पुढे.

भाषा कळली तरी औषध कळले असे होत नाही. दुकानी नावावर तर मुळीच विसंबू नये. अमेरिकेत ‘फ्लोमॅक्स’ या नावाने प्रोस्टेटच्या तक्रारीवरचे टॅम्सुलोसिन विकले जाते, आणि इटलीत त्याच नावाने मॉर्निफ्लुमेट हे सूज उतरवणारे औषध विकले जात होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006 मध्ये अशा नावांबद्दल प्रवाशांना सावध केले होते. शोधायचे ते मूळ घटकाचे नाव. जागतिक आरोग्य संघटना अशी आंतरराष्ट्रीय नावे ठरवते. तिची पहिली यादी 1953 मध्ये निघाली. ही नावे लिपी बदलली तरी उच्चाराने जवळपास तीच राहतात, आणि पाकिटावर बहुधा दुकानी नावाच्या खाली, लहान टाइपात, मिलिग्रॅमच्या आकड्याजवळ असतात. ते नाव आणि तो आकडा उतरवून पाकिटासह फार्मासिस्टला दाखवला, की पुढचे काम त्याचे.